ब्लॉक केलं म्हणजे तक्रार झाली नाही



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसवर कॅटलॉग कसा लावायचा ते बघितलं. शेवटी दोन मिनिटं मी ब्लॉक आणि रिपोर्ट या दोन बटणांवर बोललो. पण तो विषय दोन मिनिटांत बसणारा नाही, म्हणून इथे मोकळेपणाने लिहितो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. आपण छोटे दुकानदार ब्लॉक भरपूर करतो आणि रिपोर्ट जवळपास करतच नाही. दोन्ही एकच आहे असं आपल्याला वाटतं. "केलं ना भाऊ ब्लॉक, विषय संपला." विषय तुमच्यापुरता संपतो, समोरच्याचा धंदा मात्र जोरात चालू राहतो. आणि धंदा सुरू करणाऱ्या माणसाने हे समजून घ्यायचं आणखी एक कारण आहे. हीच दोन बटणं तुमच्या ग्राहकाच्या हातातही आहेत, तुमच्या नंबरसाठी.

आधी साधा फोन कॉल घेऊ, कारण सगळ्यात जास्त डोकं तिथेच फिरतं.

आपलं कोहमारा म्हणजे हायवेवरचा चौक. एक रस्ता नागपूरकडे, एक रायपूरकडे, एक गोरेगाववरून गोंदियाला आणि एक नवेगावबांधकडे. दुकानांच्या पाट्यांवर मोबाइल नंबर मोठ्या अक्षरात, गुगल मॅपवर तेच नंबर, व्हिजिटिंग कार्डावर तेच. त्यामुळे "सर, तुमच्या दुकानासाठी पाच लाखांचं लोन मंजूर झालंय" असा फोन येतो तेव्हा तो एका दुकानाला येत नाही. सकाळी अकरा वाजता माझ्या झेरॉक्सच्या दुकानात येतो, दहा मिनिटांनी शेजारच्या हार्डवेअरला, मग कृषी केंद्राला, मग मेडिकलला. संध्याकाळी चहाच्या टपरीवर विचारलं की कळतं, एकाच नंबरवरून सात-आठ दुकानांना फोन आला होता. आणि सातही जणांनी काय केलं? ब्लॉक.

आता त्या ब्लॉकने नेमकं काय झालं ते बघा. फोनमधून ब्लॉक केलेला नंबर ही फक्त तुमच्या हँडसेटमधली एक नोंद असते. पुढच्या वेळी तो कॉल तुमच्या फोनपर्यंत येतोच, फक्त तुमचा फोन घंटी न वाजवता तो तोडतो. तुमच्या सिम कंपनीला याचा पत्ता नसतो, त्या माणसाच्या सिम कंपनीला नसतो आणि ट्रायलाही नसतो. सात दुकानदारांनी ब्लॉक केलं म्हणजे सात फोनमध्ये सात नोंदी झाल्या, ज्या एकमेकांना कधीच भेटणार नाहीत. तो माणूस दुपारी सडक अर्जुनीची यादी उघडतो आणि उद्या साकोलीची.

तक्रारीचं तसं नाही. तक्रारी एका ठिकाणी जमा होतात आणि मोजल्या जातात. व्यावसायिक कॉल आणि एसएमएससाठी देशभर एकच नंबर आहे, १९०९. त्यावर फोन करता येतो किंवा एसएमएस पाठवता येतो. एसएमएसमध्ये कशाबद्दल संपर्क आला, कोणत्या नंबरवरून आणि कोणत्या तारखेला, एवढंच स्वल्पविराम देऊन लिहायचं:

```
Shop loan jahirat call, 98XXXXXXXX, 05/11/25
```

ज्या सिमवर कॉल आला त्याच सिमवरून हा मेसेज पाठवायचा. दोन सिमच्या फोनमध्ये इथेच गडबड होते, मेसेज दुसऱ्याच सिमवरून जातो. तारीख नीट टाकायची, कारण त्या दिवशी त्या नंबरवरून तुम्हाला खरंच कॉल आला होता का, हे कंपनी स्वतःच्या कॉल नोंदीत तपासते. नोंद जुळली नाही तर तक्रार टिकत नाही. जुळली तर ती तक्रार त्या नंबरच्या खात्यावर चढते. ज्यांना एसएमएसचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी ट्रायचं डीएनडी नावाचं अ‍ॅपही आहे.

किती तक्रारी लागतात, हा खरा प्रश्न. इथेच माझ्या मताचं मूळ आहे. ट्रायचा या बाबतीतला मूळ नियम २०१८ चा. त्यात नोंदणी नसलेल्या नंबरवर कारवाई सुरू व्हायला सात दिवसांत दहा तक्रारी लागायच्या, आणि ग्राहकाला कॉल आल्यापासून तीन दिवसांत तक्रार करावी लागायची. फेब्रुवारी २०२५ मध्ये हे बदललं. आता दहा दिवसांत पाच तक्रारी पुरेशा आहेत आणि तक्रार करायला सात दिवस मिळतात. कंपनीने कारवाई करायची मुदत तीस दिवसांवरून पाच दिवसांवर आली. आणि तुम्ही डीएनडीला नोंदणी केलेली नसली तरी नोंदणी नसलेल्या नंबरविरुद्ध तक्रार करता येते.

पाच तक्रारी! आपल्या चौकात एका ओळीत पाच दुकानं सहज मोजता येतात. ज्या दिवशी सात दुकानदारांनी ब्लॉक केलं, त्या दिवशी त्यातल्या पाच जणांनी प्रत्येकी एक एसएमएस टाकला असता, तर तो नंबर कारवाईच्या रेषेवर आला असता. पहिल्या वेळी दोष सिद्ध झाला तर त्या माणसाच्या सगळ्या नंबरांचे बाहेर जाणारे कॉल पंधरा दिवस बंद होतात. पुन्हा तेच केलं तर सगळ्या कंपन्यांकडचे त्याचे नंबर एक वर्षासाठी तोडायची तरतूद आहे. ही नुसती कागदावरची गोष्ट नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये ट्रायने कंपन्यांना कडक आदेश दिले, त्यानंतर काही आठवड्यांत २.७५ लाखांहून जास्त जोडण्या तोडल्या गेल्या आणि पन्नासहून अधिक संस्था काळ्या यादीत गेल्या.

म्हणून मी म्हणतो की बाजारपेठेतल्या माणसाने ब्लॉक करण्याआधी शेजारच्या दुकानात डोकावून विचारावं, "तुम्हालाही आला का हो हा फोन?" शहरातल्या एकट्या माणसाला बाकीचे चार जण कुठे शोधायचे हे माहीत नसतं. आपल्याला माहीत असतं.

आता यालाही मर्यादा आहेत, त्या लपवत नाही. दहा सिमं घेऊन बसलेला माणूस एक बंद पडल्यावर दुसरं काढतो. शिवाय १९०९ हे जाहिरातबाजीसाठी आहे, फसवणुकीसाठी नाही. "तुमचं सिम दोन तासांत बंद होणार", "पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलं", असल्या कॉलसाठी दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर चक्षू नावाची सोय आहे. ती मार्च २०२४ मध्ये सुरू झाली. तिथे कॉल, एसएमएस आणि व्हॉट्सअ‍ॅप तिन्हींची माहिती देता येते, स्क्रीनशॉट जोडता येतो. त्यानंतर त्या नंबरची पुन्हा पडताळणी मागितली जाते, आणि पडताळणीत नापास झाला की तो नंबर तोडला जातो. पैसे गेलेच असतील तर मात्र यातलं काहीच करत बसू नका. तेव्हा थेट १९३० ला फोन करायचा, तोही त्याच घटकेला.

आता व्हॉट्सअ‍ॅपकडे येऊ. इथे १९०९ चालत नाही, कारण ट्रायचा तो नियम कॉल आणि एसएमएसचा आहे. इथली तक्रार व्हॉट्सअ‍ॅपकडेच करायची.

व्हॉट्सअ‍ॅपवर ब्लॉक केल्यावर त्या माणसाचे मेसेज आणि कॉल तुमच्यापर्यंत येत नाहीत. त्याने पाठवलेल्या मेसेजवर एकच टिक राहते. तुमचं स्टेटस, ऑनलाइन आहात की नाही, बदललेला फोटो, हे त्याला दिसत नाही. "तुम्हाला ब्लॉक केलंय" असा निरोप त्याला जात नाही. एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते: तुम्ही दोघंही एकाच ग्रुपमध्ये असाल तर तिथले मेसेज दोघांनाही दिसत राहतात. म्हणजे व्यापारी ग्रुपमधल्या एखाद्याला ब्लॉक केलं तरी ग्रुपमधली त्याची कटकट काही थांबत नाही.

रिपोर्ट केल्यावर काय होतं? व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज कुलूपबंद असतात, मधल्या वाटेत कंपनीलाही वाचता येत नाहीत. म्हणजे एखादा माणूस दिवसभर खोटी लिंक वाटत असला, तरी त्याने काय लिहिलं ते कंपनीला आपोआप कळत नाही. तुम्ही रिपोर्ट दाबलं की त्या माणसाने तुम्हाला पाठवलेले शेवटचे पाच मेसेज तुमच्या फोनमधून व्हॉट्सअ‍ॅपकडे जातात, सोबत त्याचं खातं आणि मेसेज कधी आले याची माहिती. म्हणजे कुलूप तुम्ही स्वतः उघडून दाखवता. त्याला हे कळवलं जात नाही. एखादाच मेसेज दाखवायचा असेल तर त्या मेसेजवर बोट दाबून धरायचं आणि फक्त तोच रिपोर्ट करायचा.

शेवटचे पाच मेसेज, हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. कारण आपले लोक आधी भांडतात. "कोण रे तू? कुठून नंबर मिळाला?" मग तोही "सॉरी सर", "ओके", "गुड डे" करत चार-पाच ओळी टाकतो आणि मूळची खोटी लिंक सहाव्या जागी ढकलली जाते. अशा वेळी सगळी चॅट रिपोर्ट केली तर व्हॉट्सअ‍ॅपला दिसतं ते "सॉरी सर". म्हणून वाद न घालता रिपोर्ट करायचं, आणि वाद झालाच असेल तर तो लिंकवाला मेसेज वेगळा निवडून रिपोर्ट करायचा.

दुसरी अडचण क्रमाची आहे. रिपोर्ट करताना खाली ब्लॉक करून चॅट पुसायचा एक चौकोन दिसतो. घाईत त्यावर टिक राहिली की चॅट गेली, आणि चक्षूला किंवा पोलिसांना दाखवायला हातात काही उरलं नाही. आधी स्क्रीनशॉट, त्यात समोरचा नंबर दिसला पाहिजे. मग रिपोर्ट. मग ब्लॉक. हा क्रम मी माझ्या बॅचमध्ये पाठच करून घेतो.

आपल्या हायवेवर लागू पडेल असं एक उदाहरण घेऊ. गेली काही वर्षं आरटीओ चलनाच्या नावाने एक फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते आहे. नावाच्या शेवटी `.apk` असतं. "तुमच्या गाडीचं चलन फाटलंय, पावती बघा." मालवाहू गाडी असलेल्या माणसाला यात काहीच खोटं वाटत नाही, कारण चलन खरंच फाटत असतं. पण `.apk` म्हणजे पावती नाही, ते अ‍ॅप आहे. ते टाकलं की फोनमधले एसएमएस वाचायची परवानगी मागतं आणि ओटीपी बाहेर जातात. पुढे तुमच्याच व्हॉट्सअ‍ॅपवरून तुमच्या ओळखीच्यांना तीच फाइल जाऊ शकते.

समजा ही फाइल अनोळखी नंबरवरून आली. स्क्रीनशॉट काढा, तो मेसेज रिपोर्ट करा, चक्षूवर नोंद करा, मग ब्लॉक करा. तीन-चार मिनिटांचं काम. फक्त ब्लॉक केलं असतं तर? फाइल तुमच्या फोनमध्ये तशीच पडून राहिली असती, पाठवणारा पुढच्या ट्रकमालकाकडे गेला असता.

पण समजा तीच फाइल तुमच्या ओळखीच्या तांदूळ व्यापाऱ्याच्या नंबरवरून आली. इथे मी थांबा म्हणतो. तो माणूस चोर नाही, त्याचा फोन फसला आहे. दहा जणांनी त्याला धडाधड रिपोर्ट केलं तर त्याचं खातं बंद पडू शकतं, आणि त्याचा सगळा व्यवहार त्याच नंबरवर चालतो. आधी साधा फोन लावा: "काका, तुमच्या नंबरवरून चलनाची फाइल आली, तुम्ही पाठवली का?" नेट बंद करून ते अ‍ॅप काढून टाकायला सांगा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवायला सांगा. त्यांनी खातं परत ताब्यात घेईपर्यंत हवं तर ब्लॉक ठेवा. ब्लॉक परत काढता येतो. रिपोर्ट परत घ्यायचं बटण तुमच्याकडे नसतं.

हाच फरक मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ब्लॉक हा तुमच्या घराचा दरवाजा आहे, कोणासाठी बंद ठेवायचा ते तुम्ही ठरवा, कारण द्यायची गरज नाही. उधारी मागितली म्हणून रात्री अकराला शिव्या टाकणारा ग्राहक, रोज सकाळी फुलांचे फोटो पाठवणारा पाहुणा, भाव विचारून कधीच न घेणारा माणूस, यांना खुशाल ब्लॉक करा. पण हे स्पॅम नाही. रिपोर्ट ही साक्ष आहे. समोरच्या दुकानदाराने दिवाळीत पाच टक्के कमी भाव लावला म्हणून चार मित्रांना "याला रिपोर्ट मारा रे" सांगणारे लोक मी बघितलेत. मला हे अजिबात पटत नाही. त्याची ऑफर खरी असेल तर तुम्ही खोटी साक्ष देताय, आणि उद्या तोच डाव तुमच्यावर उलटवायला त्याच्याकडेही चार मित्र आहेतच.

आता आरसा उलटा धरू. तुम्ही पाठवणारे आहात.

माझ्या बॅचमधल्या एका ताईंचं मॅचिंग सेंटर आणि शिलाईचं काम आहे. सणाच्या आधी त्यांनी कोणाकडून तरी पाचशे रुपयांत "जिल्ह्यातल्या महिलांचे नंबर" म्हणून एक यादी घेतली. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये टाकून बघितलं तर मेसेज पोहोचेनात. कारण ब्रॉडकास्ट ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच जातो, आणि एका लिस्टमध्ये २५६ च नंबर बसतात. ही खरं तर व्हॉट्सअ‍ॅपने घातलेली कुंपणं आहेत. ताईंनी कुंपणावरून उडी मारली. एकेक नंबरला तोच मेसेज कॉपी-पेस्ट करत दुपारपर्यंत तीनशे मेसेज टाकले. संध्याकाळी फोन उघडला तर खातं बंद.

त्यांना वाटलं कोणीतरी मुद्दाम केलं. तसं काही नव्हतं. नंबर सेव्ह नसलेल्या माणसाकडून पहिल्यांदा मेसेज आला की व्हॉट्सअ‍ॅप ग्राहकाला तिथेच चॅटमध्ये ब्लॉक आणि रिपोर्टचा पर्याय पुढे करतं. ग्राहकाला शोधावाही लागत नाही. तीनशे अनोळखी बायकांपैकी काहींनी तो दाबला असणार. शिवाय व्हॉट्सअ‍ॅप नुसत्या रिपोर्टवर अवलंबून नसतं. एकाच नंबरवरून अनोळखी लोकांना सारखाच मजकूर धडाधड जातोय, ही चालच त्याला संशयास्पद वाटते. कंपनी आयटी नियमांखाली भारताचा मासिक अहवाल काढते. जानेवारी २०२४ च्या अहवालात ६७ लाखांहून जास्त भारतीय खाती बंद केल्याची नोंद आहे, आणि त्यातली सुमारे साडेतेरा लाख कोणी रिपोर्ट करण्याआधीच बंद झाली होती.

ताईंनी बंद पडलेल्या स्क्रीनवरूनच पुनर्विचाराची विनंती पाठवली (तिथे `Request a review` असं लिहिलेलं असतं) आणि दोन दिवसांनी खातं परत मिळालं. पण ते दोन दिवस सणाच्या आधीचे होते, मापं आणि डिझाइनचे फोटो सगळे त्याच खात्यावर होते. सगळ्यांचं परत मिळतंच असं नाही.

त्यांचं नशीब इतकंच की बंद पडलं ते फक्त व्हॉट्सअ‍ॅप. सिम चालू होतं, यूपीआय चालू होतं. हेच तीनशे मेसेज त्यांनी साध्या एसएमएसने पाठवले असते, किंवा मुलगी बसवून कॉल करवले असते, आणि पाच जणींनी १९०९ ला कळवलं असतं, तर गोष्ट सिमपर्यंत गेली असती. साध्या दहा आकडी नंबरवरून जाहिरातीचे कॉल करायची परवानगी कोणालाच नाही. जाहिरातीच्या कॉलसाठी १४० ने सुरू होणारे नंबर आहेत, आणि घाऊक एसएमएससाठी टेलिकॉम कंपनीकडे डीएलटी नोंदणी करून स्वतःचा हेडर घ्यावा लागतो. "मी तर छोटा दुकानदार" हे तिथे चालत नाही. पंधरा दिवस बाहेर जाणारी सेवा बंद म्हणजे पुरवठादाराला फोन नाही. त्यातच हँडसेट बदलावा लागला तर यूपीआय अ‍ॅप नव्याने चालू होणार नाही, कारण ते सिमवरून एक एसएमएस पाठवून नंबर ओळखतं. एकाच नंबरवर दुकान, बँक आणि घर चालवणाऱ्या माणसासाठी हे केवढं महागात पडेल, तुम्हीच हिशोब करा.

ईमेलचं थोडक्यात सांगतो, कारण आपल्याकडे ईमेलवर धंदा कमी चालतो. जीमेलमध्ये ब्लॉक केलं तर त्या पत्त्यावरून येणारी पुढची पत्रं स्पॅमच्या खणात जातात, बस. स्पॅम म्हणून रिपोर्ट केलं तर त्या पत्राची प्रत गुगलकडे तपासायला जाते, आणि पाठवणाऱ्याच्या नावावर ठपका चढतो. फेब्रुवारी २०२४ पासून गुगलने मोठ्या प्रमाणावर पत्रं पाठवणाऱ्यांना सांगितलंय की स्पॅम रिपोर्टचं प्रमाण ०.३ टक्क्यापर्यंत पोहोचू देऊ नका. म्हणजे हजार पत्रांमागे तीन रिपोर्ट. ज्या दुकानाकडून तुम्ही कधी खरेदी करून स्वतःच ईमेल दिला होता, त्याच्या जाहिरातीला रिपोर्ट कशाला? तिथे `Unsubscribe` दाबा. अनोळखी फसव्या पत्रातली ती लिंक मात्र दाबू नका, तिथे रिपोर्टच बरा.

ग्राहक तुम्हाला ब्लॉक करतोय का, हे आधी कसं ओळखायचं, असं बॅचमध्ये नेहमी विचारतात. थेट यादी कुठेच मिळत नाही आणि मिळूही नये. पण अंदाज घेता येतो. तुमच्या ब्रॉडकास्ट मेसेजवर बोट दाबून धरा आणि माहिती उघडा, कोणाकोणाला पोहोचला ते दिसतं. तीन-चार आठवडे सलग ज्या नावांपुढे मेसेज पोहोचतच नाही, त्यांनी एकतर तुमचा नंबर काढून टाकलाय, फोन बंद आहे, किंवा ब्लॉक केलंय. तिन्ही बाबतींत करायचं काम एकच: ते नाव लिस्टमधून काढा. आणि आडमार्गाने, म्हणजे मुलाच्या नंबरवरून वगैरे, त्याला गाठायला जाऊ नका. ज्याने शांतपणे ब्लॉक केलं त्याने तुमच्या खात्यावर रिपोर्ट चढवला नाही, हे त्याचे उपकार समजा. दुसऱ्या नंबरवरून तुम्ही पुन्हा त्याच्या दारात गेलात की पुढचं बोट रिपोर्टवर पडतं.

नवीन ग्राहकाचा नंबर घेताना बिलाच्या वेळीच विचारा, "दादा, नवीन माल आला की व्हॉट्सअ‍ॅपला टाकू का?" हो म्हणाले तर तिथल्या तिथे त्यांना तुमचा नंबर सेव्ह करायला सांगा, म्हणजे ब्रॉडकास्ट पोहोचेल. आणि महिन्यातून एकदा मेसेजच्या खाली मराठीत एक ओळ टाका: "मेसेज नको असतील तर फक्त 'नको' लिहा." ताई आता हेच करतात. त्यांची लिस्ट शंभर-सव्वाशे नावांची आहे, आणि मागच्या महिन्यात चौघींनी "नको" लिहिलं. त्याच संध्याकाळी त्यांनी चारही नावं काढली. त्यातली एक परवा दुकानात येऊन फॉल-पिको टाकून गेली.

पुढच्या व्हिडिओत १९०९ ला तक्रार कशी करायची ते फोनच्या स्क्रीनवर करून दाखवतो. तुमच्या फोनमधला या आठवड्याचा जाहिरातीचा कॉल पुसू नका, सात दिवस आहेत तुमच्याकडे.